एकोणनव्वद टक्क्यांचा हिशेब

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) गावातून गेल्या महिन्यात आमच्याकडे एका मुलीचा रेझ्युमे आला. पाठवला होता तिच्या अब्बांनी. मुलीने यंदा संगणकशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण केली आहे. नोकरीचा अनुभव नाही. कॉलेजात डेटा सायन्सचे दोन प्रकल्प केले, तेवढीच पुंजी. सोबतच्या चिठ्ठीत अब्बांनी लिहिले होते की चाळीसेक ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणांहून बोलावणे आले आणि दोन्ही मुलाखती त्याच एका प्रकल्पावर अडून पाच-सात मिनिटांत संपल्या. 'पोरगी हुशार आहे, प्रकल्प तिनेच केला आहे, मग अडते कुठे?' असा त्यांचा सवाल होता.

मुलीच्या आणि अब्बांच्या परवानगीने, नाव न देता, तो रेझ्युमे आम्ही या महिन्याच्या सदरात उघडून बघतो आहोत. रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत आहे. आम्ही त्यातल्या ओळी मराठीत देतो. तसेही आमचे मत असे आहे की अशी ओळ आधी मराठीत लिहावी. मराठीत पोकळ वाटणारे वाक्य इंग्रजीत गेल्यावर भरीव होत नाही, फक्त त्याचा पोकळपणा आपल्याला ऐकू येईनासा होतो.

तिच्या मुख्य प्रकल्पाखाली तीन ओळी होत्या. पहिली: 'मशीन लर्निंग वापरून मधुमेहाचे भाकीत करणारे मॉडेल तयार केले व ८९ टक्के अचूकता मिळवली.' दुसरी: 'डेटा क्लीनिंग केले व विविध अल्गोरिदम वापरले.' तिसरी: 'हे मॉडेल ग्रामीण भागातील तपासणीसाठी उपयुक्त आहे.'

या प्रकल्पाचा डेटा आम्हाला परिचित आहे, कारण देशभरातल्या शेकडो मुलामुलींनी तोच वापरलेला असतो. `diabetes.csv` नावाच्या या फाइलमध्ये ७६८ बायकांच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या पिमा या आदिवासी समाजातल्या, २१ वर्षे आणि त्यावरील वयाच्या या बायका. प्रत्येकीची आठ मोजमापे दिली आहेत, आणि शेवटच्या `Outcome` या रकान्यात मधुमेह असेल तर १, नसेल तर ०. मधुमेह असलेल्या २६८, नसलेल्या ५००.

मुलाखत घेणाऱ्यालाही हा डेटा परिचित असतो, आणि इथेच ८९ हा आकडा खटकतो. या फाइलवर सरळ मार्गाने काम केले तर उत्तर साधारण पंचाहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान येते. ८९ दिसले की बघणारा विचारतो, 'रिकाम्या जागा कशा भरल्या?' मुलीला दोन्ही ठिकाणी नेमके हेच विचारले गेले होते. तिने प्रामाणिकपणे सांगितले, आणि समोरच्याने फाइल मिटली.

त्या प्रश्नामागे काय आहे ते नीट समजून घेऊ. या फाइलमध्ये रिकामी जागा दिसतच नाही. जिथे मोजणी झालेली नाही तिथे शून्य लिहिलेले आहे. जिवंत बाईचा रक्तदाब शून्य कसा असेल? पण ३५ जणींचा तसा आहे. खालच्या दोन ओळी चालवल्या की शून्यांची मोजदाद समोर येते:

```python
cols = ["Glucose", "BloodPressure", "SkinThickness", "Insulin", "BMI"]
(df[cols] == 0).sum()
```

उत्तर अनुक्रमे ५, ३५, २२७, ३७४ आणि ११ असे येते. म्हणजे इन्सुलिनचा आकडा जवळजवळ निम्म्या बायकांचा नाहीच. मुलीने हे शून्य ओळखले होते, आणि ही खरोखर चांगली गोष्ट होती. रेझ्युमेत मात्र ती 'डेटा क्लीनिंग केले' या तीन शब्दांखाली गाडली गेली.

पुढे ती चुकली. त्या ३७४ जागी काहीतरी आकडा भरायचा होता. इंटरनेटवर सापडलेल्या एका नमुन्यात पाहून तिने असे केले: मधुमेह नसलेल्या बायकांपैकी ज्यांचे इन्सुलिन मोजले होते त्यांचा मध्यक काढला, तो आला १०२.५. मधुमेह असलेल्यांचा मध्यक आला १६९.५. मग ज्यांना मधुमेह नाही अशा २३६ जणींच्या रिकाम्या जागी १०२.५ लिहिले, आणि ज्यांना आहे अशा १३८ जणींच्या जागी १६९.५.

बघा काय झाले. इन्सुलिनचा आकडा बरोबर १०२.५ असेल तर ती बाई जवळपास नक्कीच 'नाही' गटातली, आणि बरोबर १६९.५ असेल तर 'आहे' गटातली. मॉडेलला आजाराबद्दल काहीही शिकावे लागले नाही. प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने उत्तर लिहून ठेवल्यासारखे झाले. ८९ टक्के त्यामुळे आले. या प्रकाराला डेटा लीकेज म्हणतात, आणि तो ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: उद्या दवाखान्यात नवी बाई आली, तिला मधुमेह आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही आणि तिचे इन्सुलिन मोजलेले नाही, तर तिच्या जागी १०२.५ भरणार की १६९.५? याचे उत्तर देता येत नाही. ज्या पायरीला नव्या माणसासाठी उत्तर देता येत नाही, तिथे गळती आहे असे समजावे.

आम्ही मुलीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'पण नमुन्यात तर तसंच होतं.' खरे आहे, पुष्कळ ठिकाणी तसेच आहे. म्हणून तर मुलाखतीत तोच प्रश्न येतो.

तिने काम पुन्हा केले, आणि यावेळी क्रम बदलला. आधी ७६८ नोंदींचे दोन भाग पाडले: ६१४ शिकण्यासाठी आणि १५४ परीक्षेसाठी बाजूला. मध्यक फक्त त्या ६१४ मधून, `Outcome`कडे न बघता, सगळ्यांचा मिळून एकच काढला आणि तोच दोन्ही भागांत भरला. साधे लॉजिस्टिक रिग्रेशनचे मॉडेल बसवले. परीक्षेच्या १५४ पैकी ११८ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ७७ टक्के.

आता घरात वाद सुरू झाला. अब्बांचे म्हणणे, 'बेटा, ८९ चे ७७ केलेस तर आहे ती संधीही जाईल. बाकीच्या पोरांच्या रेझ्युमेत ९५ असतात.' बापाची काळजी आम्हाला कळते. मार्कांच्या जगात वाढलेल्या आपल्या घरांना ७७ हा आकडा प्रथम श्रेणीतून खाली आल्यासारखा वाटतो. पण हे मार्क नाहीत. हा आकडा शंभराशी ताडून बघायचा नसतो, काहीच न करता किती मिळाले असते त्याच्याशी ताडायचा असतो. परीक्षेच्या १५४ बायकांत मधुमेह असलेल्या ५४ आणि नसलेल्या १०० होत्या. डोळे मिटून प्रत्येकीला 'नाही' म्हटले असते तरी १०० उत्तरे बरोबर आली असती, म्हणजे ६५ टक्के. मुलीच्या मेहनतीची खरी कमाई ६५ ते ७७ ही बारा टक्क्यांची आहे. ओळीत दोन्ही आकडे शेजारी लिहिले की वाचणाऱ्याला कळते की या उमेदवाराला तुलना कशाशी करायची हे माहीत आहे. नुसत्या ७७ ला अर्थ नाही. नुसत्या ९५ लाही नाही. आजार शंभरात पाच जणांनाच असेल तर सगळ्यांना 'नाही' म्हणणारा दगडसुद्धा ९५ टक्के मिळवतो.

यापुढचा प्रश्न आम्ही विचारला: ५४ पैकी किती सापडल्या? ३५. म्हणजे १९ बायका मॉडेलने 'तुम्हाला काही नाही' म्हणून घरी पाठवल्या, आणि १७ निरोगी बायकांना उगाच घाबरवले. या दोन चुका सारख्या किमतीच्या नाहीत. हे आंजीच्या मुलीला समजावून सांगायची गरज पडली नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र तिच्याच गावात आहे आणि आशाताई घरोघर येऊन तिशीवरच्या माणसांचे फॉर्म भरतात, हे ती लहानपणापासून बघते. ती लगेच म्हणाली, 'ज्याला उगाच बोलावलं त्याची फक्त एक फेरी वाया जाते. जो सुटला तो दोन-तीन वर्षांनी पाय सुजल्यावर येतो.'

हे वाक्य मुलाखतीत बोलायचे. आणि रेझ्युमेत त्याचा पुरावा ठेवायचा. मॉडेल प्रत्येकीसाठी शक्यता सांगते, आणि ती ०.५ च्या वर गेली तर 'आहे' म्हणते. मुलीने शिकण्याच्या भागातच पडताळून हा उंबरठा ०.३ वर आणला. मग परीक्षेच्या भागात ५४ पैकी ४५ सापडल्या. उगाच बोलावलेल्या १७ च्या ३३ झाल्या आणि अचूकता ७७ वरून ७३ वर उतरली. अचूकता कमी झाली आणि मॉडेल अधिक कामाचे झाले. डेटाचे काम करणाऱ्याला हे समजते का, हेच तर समोरच्याला बघायचे असते. उंबरठा परीक्षेच्या भागावर बघून ठरवला असता तर ती पुन्हा गळतीच झाली असती, म्हणून 'शिकण्याच्या भागातच' हे शब्द आम्ही ओळीत ठेवायला सांगितले.

तिसरी ओळ, 'ग्रामीण भागासाठी उपयुक्त', आम्ही काढूनच टाकायला लावली. या डेटातले `Glucose` म्हणजे ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासून आलेला आकडा. ती तपासणी ज्याची झाली त्याला मॉडेलची फारशी गरज उरत नाही. शिवाय ॲरिझोनातल्या बायकांवर शिकलेले मॉडेल वर्धा जिल्ह्यातल्या बाईला, आणि पुरुषाला तर मुळीच, जसेच्या तसे लावता येत नाही. कॉलेजचा प्रकल्प हा सराव असतो, आणि सराव म्हणून तो पुरेसा चांगला असू शकतो. समाजाला त्याचा उपयोग होतो असे लिहिले की समोरचा विचारतो, 'कुणी वापरला?' आणि तिथे शांतता पसरते.

शेवटी प्रकल्पाच्या ओळी अशा ठरल्या:

• ७६८ नोंदींच्या सार्वजनिक मधुमेह-डेटामध्ये इन्सुलिनच्या ३७४ व रक्तदाबाच्या ३५ जागी लिहिलेले शून्य म्हणजे न झालेली मोजणी हे ओळखले; रिकाम्या जागा फक्त शिकण्याच्या भागातील मध्यकाने भरून गळती टाळली.

• बाजूला ठेवलेल्या १५४ नोंदींवर लॉजिस्टिक रिग्रेशनची अचूकता ७७ टक्के; सर्वांना 'नाही' म्हटल्यास ६५ टक्के.

• उंबरठा शिकण्याच्या भागातच तपासून ०.५ वरून ०.३ केला, मधुमेह असलेल्या ५४ पैकी ३५ ऐवजी ४५ ओळखल्या गेल्या, चुकीचे इशारे १७ वरून ३३ झाले.

यात 'मशीन लर्निंग', 'विविध अल्गोरिदम' असे काही नाही, हे अब्बांनी लगेच टिपले. पायथन, पांडास, सायकिट-लर्न ही नावे प्रकल्पाच्या शीर्षकाशेजारी एकदा आली की पुरे. कंपन्यांची संगणकप्रणाली शब्द शोधते, तिला ती तिथे सापडतात. माणूस ओळी वाचतो, त्याला काय केले ते हवे असते. हा प्रकल्प तिघींनी मिळून केला होता. म्हणून शीर्षकात 'तिघांचा गट. माझा भाग: डेटाची साफसफाई आणि मॉडेल' एवढे घातले. अहवाल आणि सादरीकरण मैत्रिणींचे होते. ते आपल्या नावावर घेतले आणि त्यावरच प्रश्न आला तर काय, आणि उद्या तीच मैत्रीण त्याच कंपनीत अर्ज करणार असेल तर काय?

दुसरा प्रकल्प कापसाच्या भावाचा. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरून तिने हिंगणघाट बाजाराचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव उतरवले होते आणि दुसऱ्या दिवशीचा भाव सांगणारे मॉडेल केले होते. मूळ ओळ होती, '९८ टक्के अचूकतेने कापसाच्या भावाचे भाकीत'. इथे गोम वेगळी. कापसाचा भाव एका रात्रीत फारसा हलत नाही. 'उद्याचा भाव आजच्याइतकाच' असे सांगणारा कोणीही असा अचूक दिसतो. आम्ही तिला तेवढेच मोजायला सांगितले. मॉडेलची सरासरी चूक क्विंटलमागे ७४ रुपये निघाली, आणि 'आजचाच भाव उद्या' या अंदाजाची ७१. म्हणजे मॉडेल हरले.

ती म्हणाली, 'मग हा प्रकल्प काढून टाकू?' आम्ही म्हटले, मुळीच नाही. या प्रकल्पात तिचे खरे काम भावाच्या भाकिताआधीच झाले होते. काही दिवशी किमान भाव कमालपेक्षा जास्त नोंदलेला होता, काही ठिकाणी एक शून्य गळालेले होते, बाजार बंद असलेल्या दिवसांच्या तारखाच नव्हत्या. हे सगळे तिने एकेक करून शोधले होते. ज्या नोकऱ्यांसाठी ती अर्ज करते आहे, तिथे पहिली दोन वर्षे हेच काम असते. ओळ अशी झाली: 'हिंगणघाट बाजाराच्या दैनिक कापूस-भावातील उलटे किमान-कमाल, गळालेले शून्य आणि नसलेल्या तारखा शोधून दुरुस्त केल्या, तारखेच्या क्रमाने तपासले असता मॉडेलची सरासरी चूक (७४ रुपये) आदल्या दिवसाच्या भावापेक्षा (७१ रुपये) कमी झाली नाही, असा निष्कर्ष नोंदवला.' हरलेले मॉडेल हरले असे लिहिणारा नवखा उमेदवार फार क्वचित दिसतो, आणि ज्याच्याकडून पुढे रोजचे आकडे घ्यायचे आहेत, त्याच्यात बघणारा नेमके हेच शोधत असतो. आता तारखेचा क्रम. पहिल्यांदा तिने दिवस पिसून, सरमिसळ करून भाग पाडले होते, त्यामुळे मॉडेलला मंगळवारचा भाव सांगताना बुधवारचा आधीच दिसलेला होता. भावाच्या डेटात आधीचे दिवस शिकायला आणि नंतरचे परीक्षेला, एवढा नियम पाळला तरी निम्मी फजिती टळते.

राहिला वरचा परिचय. तो असा होता: 'मी एक मेहनती, जिज्ञासू व लवकर शिकणारी डेटा सायन्सप्रेमी असून नामांकित संस्थेत आव्हानात्मक पदाच्या शोधात आहे, जिथे माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या व माझ्या प्रगतीसाठी उपयोग होईल.' यातला एकही शब्द पुसून दुसऱ्या कुठल्याही मुलीचे नाव घातले तरी चालते. परिचय सर्वांत शेवटी लिहावा, खालच्या ओळी पक्क्या झाल्यावर, आणि त्यांच्यातूनच उचलावा. तीन वाक्ये बस झाली: मी कोण, मी काय केलेले दाखवू शकते, मला कोणते काम हवे. तिचा आता असा आहे: 'संगणकशास्त्रात बी.एस्सी. पायथन, एसक्यूएल आणि एक्सेलमध्ये अपुऱ्या व चुकीच्या नोंदी शोधून दुरुस्त करण्याचे आणि निकाल साध्या तुलनेशी पडताळण्याचे काम दोन शैक्षणिक प्रकल्पांत केले आहे. नागपूर किंवा वर्धा येथे डेटा ॲनालिस्ट अथवा एमआयएस एक्झिक्युटिव्ह या सुरुवातीच्या पदासाठी उपलब्ध.'

'डेटा सायंटिस्ट' हा शब्द तिला हवा होता. आम्ही नको म्हटले. त्या पदाच्या जाहिराती बहुधा दोन-तीन वर्षांचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी मागतात. परिचयात ते लिहिले तर जी माणसे तिला घेऊ शकतात तीच बिचकतात. आणि कॉलेजच्या प्रकल्पांना 'अनुभव' हे शीर्षक देऊ नये, 'प्रकल्प' म्हणावे. 'शैक्षणिक' हा शब्द लपवून काही मिळत नाही, पदवीचे वर्ष शेजारीच लिहिलेले असते.

बाकीचे थोडक्यात. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती हे लग्नाच्या बायोडाटात शोभते, इथे जागा अडवते. 'पायथन ८० टक्के' अशा रंगीत पट्ट्या काढाव्यात. कशाचे ८० टक्के, हे आजवर आम्हाला कुणी सांगू शकलेले नाही. दोन रकान्यांचा सजवलेला साचा नको, कारण काही प्रणाली तो वाचताना डाव्या-उजव्या ओळी एकमेकींत मिसळतात. एका रकान्यात, एक पान. आणि आपल्या घरांसाठी खास: गुणपत्रिकेवर नावाचे जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच रेझ्युमेत लिहा. शेख एका कागदावर `Shaikh`, दुसऱ्यावर `Sheikh`, आधारवर आणखी तिसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. नेमणुकीनंतर कंपनी कागदपत्रे तपासते तेव्हा आठवडेच्या आठवडे त्यात जातात.

रेझ्युमे पाठवण्याआधी मुलीने आमच्या सांगण्यावरून एक काम केले. प्रत्येक ओळ अम्मीला वाचून दाखवली आणि अम्मीने प्रत्येक ओळीवर तीन प्रश्न विचारले: हे तू केलेस का, कसे केलेस, आणि केले नसते तर काय झाले असते? अम्मी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. मध्यक म्हणजे काय, हे मुलीला घरातल्या बायकांच्या वयांवरून समजवावे लागले. दोन ओळींवर ती अडखळली, त्या तिने पुन्हा लिहिल्या. नवा रेझ्युमे परवा नागपूरच्या सहा ठिकाणी गेला आहे.